प्रकल्प नोंदी: जात्यावरचं गाणं आणि त्याची परवानगी

2 जून 2025, सोमवार

आमच्या हातानं काढलेल्या ॲनिमेशन फिल्मचं ॲनिमॅटिक, म्हणजे आवाजावर बसवलेलं कच्च्या चित्रांचं रूप, पूर्ण झालं. नऊ मिनिटांच्या फिल्ममधला पिठाचा सगळा प्रसंग, म्हणजे शॉट 14 ते 27, एका गाण्यावर बसवला आहे. गाणं 3 मिनिटं 42 सेकंदांचं आहे, आपण त्यातलं 1 मिनिट 18 सेकंद घेतो. सुरुवातीला जात्याची घरघर आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, मग त्यावर हळूच डफ आणि सारंगी. गेले तीन महिने टाइमलाइनवर हेच पडून आहे. आता दुसरं काही लावून पाहिलं की चित्रं अनोळखी वाटतात.

संध्याकाळी जोडीदारानं चहा ढवळत विचारलं, "हे गाणं करणाऱ्या बाईंना विचारलंय का कुणी?" विचारलेलं नाही. गाणं "तात्पुरतं" म्हणून लावलं होतं.

मग बसून हिशोब मांडला. 78 सेकंद, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 1872 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 936 चित्रं. आम्ही दोघं मिळून दिवसाला 24 चित्रं काढतो, म्हणजे 39 दिवस. कॅमेऱ्यानं घेतलेल्या फिल्ममध्ये गाणं मागाहून बदललं तर कापाकापी करून भागतं. इथे चित्रातल्या बाईचा हात जात्याच्या खुंट्यावर कधी येतो, मूठ जात्याच्या तोंडात कधी रिकामी होते, हे सगळं गाण्याच्या ठोक्यावर काढलेलं असतं. गाणं गेलं तर 936 चित्रं जातात.

ठरलं: होकार येईपर्यंत शॉट 14 ते 27 ला हात लावायचा नाही. तोवर बाजाराचा प्रसंग करू, त्यात फक्त आवाज आहेत, संगीत नाही.

3 जून

"आधी करू, फिल्म बघितल्यावर कोण नाही म्हणेल?" असं जोडीदाराचं म्हणणं. त्याला नीना पेलीची गोष्ट सांगितली. ह्या अमेरिकन बाईनं एकटीनं रामायणावर पूर्ण लांबीची ॲनिमेशन फिल्म केली, 2008 मध्ये. त्यात ॲनेट हॅनशॉ ह्या गायिकेची 1920 च्या दशकातली गाणी होती. रेकॉर्डिंग इतकी जुनी की अडचण येणार नाही असं कुणालाही वाटलं असतं. पण गाण्यांच्या रचनेचे हक्क शाबूत होते आणि ते कंपन्यांकडे होते. सुरुवातीला सुमारे 2,20,000 डॉलर मागितले गेले, घासाघीस करून ते सुमारे 50,000 वर आले, आणि तेवढ्यासाठीही तिला कर्ज काढावं लागलं. फिल्म गाण्यांवरच रचलेली असल्यामुळे ती गाणी काढून टाकणं शक्यच नव्हतं. समोरच्याला हे कळलं की भाव तोच ठरवतो.

जोडीदार गप्प झाला. मग म्हणाला, "आपल्या बाई कंपनी नाहीत." खरं आहे. पण त्या एकट्या मालक आहेत का, हे आधी बघायला हवं.

4 जून

आपण "गाणं" म्हणतो ती कायद्याच्या नजरेत एक वस्तू नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी, आणि ध्वनिमुद्रण तिसरं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांचे मालक तीन असू शकतात. शिवाय गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्याचा कलाकार म्हणून चौथा हक्क असतो. आपल्याला तिन्ही कामांसाठी होकार हवा, शिवाय ज्यांचा आवाज आहे त्यांचाही. एकाचा होकार दुसऱ्याला लागू होत नाही.

गाण्याच्या पानावर अगदी तळाला ℗ अशी खूण असते. वर्तुळातला P म्हणजे ध्वनिमुद्रणाचा मालक. शेजारी © असतो तो मुखपृष्ठ, मजकूर वगैरेंचा. आमच्या गाण्याच्या ℗ पुढे बाईंचं नाव नाही, एक आकडा आणि "रेकॉर्ड्‌स" असं काहीतरी आहे. शोधल्यावर कळलं की गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाच्या अर्जात लेबलची चौकट रिकामी सोडली की तो आपोआप असं नाव भरतो. म्हणजे बहुधा मालक बाईच. पण "बहुधा" वर 936 चित्रं काढता येत नाहीत, तेव्हा संदेशात हे विचारायचंच.

गाण्याच्या माहितीत शब्दांपुढे "पारंपरिक" लिहिलंय. हेही विचारायचं.

5 जून

पहिला मसुदा लिहिला आणि फाडला. तो असा होता: "आपलं गाणं ऐकून आम्ही भारावून गेलो. आमच्या छोट्याशा फिल्ममध्ये ते वापरायची संधी मिळाली तर आम्हाला अत्यानंद होईल. आमचं बजेट फारसं नाही पण आपल्याला योग्य ते श्रेय नक्की देऊ, आणि आपलं गाणं अनेक देशांत पोचेल."

जोडीदाराला वाचायला दिला. त्यानं एकच केलं, बाईंच्या जागी बसून प्रश्न विचारले. कुठलं गाणं? कितीसं? फिल्म कशाची आहे, माझ्या आवाजावर कोण काय करताना दिसणार? कुठे दाखवणार? किती वर्षं? फारसं नाही म्हणजे किती? ह्यातल्या एकाचंही उत्तर मसुद्यात नव्हतं. होतं ते आमचं भारावणं.

"अनेक देशांत पोचेल" हे वाक्य तर लाजिरवाणं आहे. लग्नात फुकट वाजवायला बोलावताना लोक हेच म्हणतात: ओळखी होतील.

7 जून, शनिवार

दुसरा मसुदा. दोन दिवस घेतले. पाठवला सकाळी दहाला, ईमेलनं, सोबत प्रसंगाच्या ॲनिमॅटिकची पासवर्ड असलेली लिंक. पूर्ण मजकूर इथे ठेवतो:

> विषय: तुमचं जात्याचं गाणं ॲनिमेशन फिल्ममध्ये वापरण्यासाठी परवानगी, मानधनासह
>
> नमस्कार ताई,
>
> आम्ही दोघं पुण्यात हातानं काढलेली ॲनिमेशन फिल्म करतो आहोत. कामचलाऊ नाव "पीठ", लांबी नऊ मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीत. पहाटे दळणारी एक बाई आणि तिच्या जात्यातून सांडलेलं पीठ गावभर कुठे कुठे जातं, अशी गोष्ट आहे.
>
> तुमच्या गाण्याचा 0:00 ते 1:18 हा भाग आम्हाला एका प्रसंगासाठी हवा आहे. गाणं प्रसंगभर वाजेल, त्यावर कुणी बोलणार नाही. 0:41 ला एका ठिकाणी कापून पुढे नेलं आहे. तो कापलेला भाग सोबतच्या लिंकवर ऐकता येईल. ॲनिमॅटिकला हे गाणं आम्ही तुम्हाला न विचारता लावलं, ही आमची चूक. त्या लिंकपलीकडे ते कुठेही दाखवलेलं नाही, आणि तुमचा नकार आला तर काढून टाकू.
>
> वापर: फिल्म आधी देशातल्या आणि बाहेरच्या फेस्टिव्हलांना जाईल, साधारण दोन वर्षं. नंतर आमच्या यूट्यूब चॅनेलवर. कुणी ओटीटी किंवा टीव्हीसाठी विकत घेतली तर तिथे.
>
> मानधन: फिल्ममधल्या संगीतासाठी आमच्याकडे 40,000 रुपये आहेत. त्यातले 30,000 तुम्हाला देऊ करतो, निम्मे करारावर सही होताना आणि निम्मे फाइल मिळाल्यावर. फिल्म विकली गेली तर आणखी 45,000, पैसे आमच्या हातात आल्यापासून 30 दिवसांत. हे कमी वाटत असेल तर मोकळेपणानं सांगा.
>
> श्रेय: शेवटच्या नामावलीत स्वतंत्र पाटी, इतर नावांच्या रांगेत नाही. मजकूर तुम्ही सांगाल तसा.
>
> तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ध्वनिमुद्रणाची मालकी तुमच्याकडे आहे का? चाल तुमची आणि शब्द पारंपरिक, असं आम्ही समजतो, ते बरोबर आहे का? आणि सुरुवातीला गाणाऱ्या आजी कोण, त्यांना कसं विचारायचं?
>
> नकार असेल तर एका ओळीत कळवलंत तरी पुरे, कारण द्यायची गरज नाही. 25 जूनपर्यंत कळलं तर आम्हाला दुसरी वाट धरता येईल.

नावं आणि फोन नंबर खाली. एकूण मोबाइलवर दोन वेळा बोट फिरवलं की संपतं, हे तपासलं.

चूक कबूल करणारं वाक्य घालावं की नाही ह्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, लिंक उघडताच तिला गाणं ऐकू येणार आहे, मग आधी आपण सांगितलेलं बरं.

11 जून

उत्तर नाही. मधल्या वेळात जोडीदारानं एका सल्लागाराला दाखवायला ॲनिमॅटिक यूट्यूबवर "अनलिस्टेड" टाकलं. दहा मिनिटांत कॉपीराइटचा दावा आला. दाव्यात नाव त्याच वितरकाचं. मी चिडलो, कारण परवाच लिहून दिलं होतं की त्या लिंकपलीकडे ते कुठेच नाही. व्हिडिओ लगेच काढला.

पण ह्यातून एक गोष्ट वेळेवर कळली. गाण्याचा ठसा यूट्यूबच्या ओळख-यंत्रणेत नोंदलेला आहे. म्हणजे उद्या ताईंनी सही करून परवानगी दिली तरी फिल्म अपलोड करताच यंत्र दावा ठोकणारच, कारण कागद यंत्राला दिसत नाही. वितरकाला सांगून आमचा चॅनेल सवलतीच्या यादीत घालावा लागेल, आणि ते फक्त ताई करू शकतात. करारात ही ओळ हवी.

13 जून, शुक्रवार

फोन आला. "दादा, मेल वाचला. दोनदा वाचला." आवाजात हसू होतं. पहिली गोष्ट त्यांनी विचारली ती पैशांची नव्हती. "ते एक्केचाळीस सेकंदाला कापलंय ना, ते कुणी कापलं?"

मी म्हटलं, मी. शॉट तिथे संपतो.

"ओवी अर्ध्यात सोडत नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी म्हणून दाखवलं. जात्यावरची ओवी दोन ओळींची असते. पहिली ओळ हवेत राहते, दुसरीच्या शेवटी यमक येऊन बसतं, आणि त्याच वेळी जात्याचा फेराही पुरा होतो. मी पहिल्या ओळीनंतर कापून थेट डफावर गेलो होतो. माझ्या कानाला तो छान ठोका वाटत होता. त्यांच्या कानाला तो पाय घसरल्यासारखा वाटला असणार.

ध्वनिमुद्रण त्यांचंच. वितरकाशी करार बिनमक्तेदारीचा आहे, मालकी हस्तांतरित होत नाही, ते पान पाठवते म्हणाल्या. पण मी विचारल्यावर त्यांनी खातं उघडून पाहिलं, तर "फिल्म-जाहिरातीसाठी परवाने वितरकानं द्यावेत" ह्या पर्यायावर टिक होती. तशीच राहिली असती तर आमच्याशी ठरलेलं असतानाच तिकडून कुणी तेच गाणं साबणाच्या जाहिरातीला दिलं असतं. त्यांनी ती काढली.

डफ आणि सारंगीवाल्यांना त्या वेळी बिदागी दिली होती, लेखी काही नाही. दोघांना संदेश पाठवून होकार घेते म्हणाल्या. नंतर दोघांचे आलेही.

चाल त्यांची. शब्द पारंपरिक. "म्हणजे बहुतेक," असं म्हणून त्या थांबल्या.

16 जून

ते "बहुतेक" आज उलगडलं. गाण्यात तीन ओव्या आहेत. पहिल्या दोन कुठेही सापडतील अशा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्या आता पारी ह्या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात आहेत. तिथे ह्या दोन्हींची भावंडं भेटली, एखाददुसरा शब्द इकडे तिकडे. तिसरी ओवी मात्र मिळेना:

> सरलं गं दळण, सूप टेकलं भिंतीला
> नात माझी शिकती, दिवा जळतो रातीला

ताई म्हणाल्या, ती नात मीच. बारावीला होते, आजी पहाटे दळायला उठायची तेव्हा माझा दिवा अजून जळत असायचा. आजीनं ती ओवी तेव्हा जोडली.

"सरलं दळण" ह्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, असंख्य ओव्या तिथूनच सुरू होतात. पण ही जोडी आजीची आहे, म्हणजे आजी कवी आहे. हयात असताना आणि गेल्यावर साठ वर्षं तो हक्क राहतो. आपल्या 78 सेकंदांत नेमकी हीच ओवी येते, आणि मी जी अर्धी कापली होती तीही हीच. ताईंनी स्वतः गाण्याच्या माहितीत "पारंपरिक" लिहून टाकलं होतं. लोकगीत म्हटलं की आपण सगळेच असं करतो, घरातल्या माणसाचं असलं तरी.

"मग आजींना विचारूया," मी म्हटलं.

"आजी गुरुवारी वारीला निघते. आता एकादशीनंतर."

19 जून

आज आळंदीहून माउलींची पालखी निघाली. आमची फाइलही तिच्याबरोबर पंढरपूरला गेली म्हणायची. एकादशी 6 जुलैला. संदेशातली 25 जूनची मुदत स्वतःच पुढे ढकलली आणि ताईंना तसं कळवलं. बाजाराच्या प्रसंगाचे चार शॉट झाले. 0:41 चा काप काढून टाकला. ओवी पुरी वाजण्यासाठी शॉट 19 साडेचार सेकंदांनी लांबवला आणि पुढच्या दोन शॉटमधून तेवढाच वेळ कमी केला. एकूण 78 सेकंदच राहिले. शॉट 19 मध्ये आता बाई सूप भिंतीला टेकवते आणि क्षणभर काहीच करत नाही. हा शॉट आधीपेक्षा चांगला झाला आहे, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

24 जून

इंटरनेटवरून उतरवलेला कराराचा नमुना दोघांनी मिळून वाचला. त्यात "कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, सर्व जगात, रॉयल्टीचे सर्व हक्क सोडून" अशी ओळ. शेवटचा तुकडा तिथेच खोडला. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर फिल्ममध्ये घेतलेल्या शब्दांचे आणि चालीचे कर्ते चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा सोडू शकत नाहीत. तसं लिहून घेतलं तरी ते टिकत नाही.

ताईंना "कायमस्वरूपी" खटकलं. त्या म्हणाल्या, तीन वर्षं ठेवा, नंतर पुन्हा बोलू. त्यांची भीती समजते. पण इथे मला ताणून धरावं लागलं. तीन वर्षांनी परवाना संपला तर फिल्ममधून गाणं उपटता येणार नाही, फिल्मच कपाटात जाईल. आणि त्या दिवशी आम्ही नीना पेलीच्या जागी असू.

फोनवर तासभर गेला. शेवटी ओळीचे दोन भाग केले. वेळ मोठा, वापर लहान. ह्या फिल्मच्या आत, ह्याच जागी, कॉपीराइट असेतो आणि जगभर. फिल्मच्या बाहेर जवळपास काहीच नाही: ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त 20 सेकंद, तेही ओवी न तोडता. जाहिरात नाही, गाणं सुटं काढून विकणं नाही, पुढच्या फिल्मला वापरणं नाही. ताई तेच गाणं दुसऱ्या कुणालाही देऊ शकतात. हे ऐकल्यावर त्या सैल झाल्या. त्यांना काळाची भीती नव्हतीच, गाणं हातातून सुटण्याची होती.

मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहायलाच हवेत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. "वापरायला हरकत नाही" एवढ्या व्हॉट्सॲपवर विसंबून फिल्म परदेशी फेस्टिव्हलला पाठवणारे बरेच असतील.

9 जुलै, बुधवार

आजी परतल्या. व्हिडिओ कॉल, माण तालुक्यातल्या घरातून, ताईंनी फोन धरलेला. मी पत्र आणि कराराचा सार बोलीत वाचून दाखवला. ॲनिमॅटिक दाखवलं. आजींनी पूर्ण बघितलं आणि म्हणाल्या, "खुंटा डाव्या हातात हाय. वैरण घालती कुठल्या हातानं मग?"

बाईचा उजवा हात खुंट्यावर हवा, डाव्यानं मूठ घालायची. थकली की हात बदलते, पण सुरुवात उजव्यानंच, असं त्या म्हणाल्या. आम्ही शॉट 14 ते 18 मध्ये उलटं काढलं होतं. आणि आम्ही ज्याला "दाणे टाकणं" म्हणत होतो त्याला वैरण घालणं म्हणतात. अजून एकही पक्कं चित्र काढलेलं नाही, त्यामुळे खोडरबरावर भागलं.

पैशांबद्दल ताईंनीच काढलं. आजीचे वेगळे, आजीच्या खात्यावर. सगळे माझ्यातून कापून नको, पण वरूनही फार नको. 30 वरून आम्ही 40,000 वर आलो, म्हणजे संगीताची सगळी रक्कम. ताईंना 28,000, आजींना ओवी आणि आवाजाचे 12,000. विक्रीनंतरचे 45,000 त्याच प्रमाणात, 31,500 आणि 13,500. आजींनी आकडा ऐकून नातीकडे पाहिलं आणि विचारलं, "ओवीचे पैसं?" नंतर बराच वेळ हसत होत्या.

आमची भागीदारी संस्था असल्यामुळे टीडीएस बघावा लागतो. वर्षात एका व्यक्तीला 50,000 च्या वर रॉयल्टी गेली तरच कापायचा, दोघी त्याखाली आहेत. विक्री झाली तर ताईंचा आकडा पुन्हा बघायचा, दोन्ही हप्ते एकाच आर्थिक वर्षात आले तर 59,500 होतात.

15 जुलै

सह्या झाल्या. दोन स्वतंत्र करार, आजींचा दीड पानाचा, मराठीत. आजी सही करतात, अंगठा नाही. ती सही स्कॅनमध्ये पाहताना जोडीदार म्हणाला, ही पाटीवर घेऊ या का. नको, म्हटलं, ती सही कराराची आहे.

पहिला हप्ता पाठवला: 14,000 आणि 6,000.

18 जुलै

ताईंकडून मूळ फाइल आली, शिवाय सुटे थर: आजीचा आवाज, जातं, डफ, सारंगी. दुसरा हप्ता लगेच पाठवला.

लावून पाहिलं तर गाणं सहा सेकंद आधी संपलं आणि आजी एकदम तरुण झाल्या. दोघंही घाबरलो, वेगळा टेक पाठवला की काय! कारण साधं निघालं. गाणं 44.1 किलोहर्ट्झचं, आमचा प्रकल्प 48 चा. जोडीदाराच्या जुन्या सॉफ्टवेअरनं फाइल न बदलता 48 समजून वाजवली. जवळपास नऊ टक्के जलद, सूर पेटीच्या जवळपास दीड पट्टीनं वर. 78 चे पावणेबहात्तर सेकंद. नीट बदलून घेतल्यावर आजी परत आजी झाल्या.

तरीही ठोके जुळेनात, सगळं साधारण एका फ्रेमनं सरकलेलं. ॲनिमॅटिकवर आम्ही नेटवरून काढलेली एमपीथ्री लावली होती, आणि त्या प्रकारच्या फाइलच्या तोंडाशी क्षणभर कोरी जागा असते. सगळ्या खुणा मूळ फाइलवर पुन्हा घातल्या.

डफाचा भाग सोपा आहे. मिनिटाला 80 ठोके, म्हणजे एका ठोक्याला बरोबर 18 फ्रेम, दोन-दोनच्या चित्रांत नऊ. आजींच्या 22 सेकंदांना मात्र ताल नाही, जात्याचा फेरा हाच ताल. एक फेरा 46 फ्रेमचा, पुढचा 49, ओवीच्या शेवटाला 53, कारण दम लागतो. जात्याचा सुटा थर मिळाला म्हणून हे मोजता आलं. मी आधी सगळे फेरे 48 चे धरले होते. तसं केलं असतं तर दगड यंत्रासारखा फिरला असता.

19 जुलै

ताईंनी वितरकाला आमच्या चॅनेलची सवलत नोंदवली. पुष्टी आल्यावर 78 सेकंद खाजगी अपलोड करून बघितलं, रात्रभर ठेवलं. दावा नाही. काढून टाकलं.

2 ऑगस्ट

शॉट 14, 15 पक्के झाले. उजवा हात खुंट्यावर.

श्रेयाच्या पाटीचा मजकूर मागवला होता. ताईंचं नाव, गाण्याचं नाव, "ध्वनिमुद्रण वापर परवानगीनं", ही एक पाटी. आजींची वेगळी: "ओवी आणि आवाज". नाव कसं लिहायचं हे विचारल्यावर त्या म्हणाल्या सासरचं आडनाव घाला, आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या फोनवरून निरोप: माहेरच्या गावाचं नावही खाली घाला, कारण दळायला तिथंच शिकले. घातलं. पाटी आधी दोन सेकंद ठेवली होती. दोन ओळी मोठ्यानं वाचून पाहिल्या, तीन लागतात. 72 फ्रेम.

क्यू शीट, म्हणजे फिल्ममध्ये कुणाचं संगीत किती वेळ वाजतं त्याचा तक्ता, तीही भरून ठेवली, म्हणजे टीव्हीवर कधी लागली तर रचनाकार म्हणून दोघींची नावं आणि 1:18 हा आकडा तयार असेल. ताई आयपीआरएस ह्या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेच्या सभासद आहेत, आजी नाहीत. अर्ज ताई भरून घेणार आहेत, शब्दांच्या रकान्यात "पारंपरिक" न लिहिता.

उद्या शॉट 16. वैरण घालण्याचा.